शंभरात पंचाहत्तर वेळा बरोबर

पहिल्या वीस व्यवहारांत सतरा वेळा नफा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या वहीत अशी नोंद झाली, की त्याच्या डोक्यात पुढे काय सुरू होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सीएचा फॉर्म, कॅम्पस मुलाखती, घरच्यांचे फोन हे सगळं एकदम दुय्यम वाटू लागतं. पुण्यात कॉलेजजवळच्या एका खोलीत राहणारा हा मुलगा कल्पित आहे आणि त्याची वहीही. मात्र त्या वहीतलं गणित खरं आहे, आणि असा मुलगा भेटायला फार लांब जावं लागत नाही.

त्याची पद्धत साधी होती. भांडवल २५ हजार रुपये. त्याच दिवशी सौदा पूर्ण करायचा असेल, म्हणजे इंट्राडे, तर ब्रोकर पाचपटीपर्यंतचा व्यवहार करू देतो. त्यामुळे ५०० रुपयांच्या आसपास असणाऱ्या एका शेअरचे २५० नग, म्हणजे सव्वा लाखाचा माल, त्याला घेता येत असे. मोबाइलवर पंधरा मिनिटांच्या कॅण्डलचा चार्ट आणि त्यावर सरासरीच्या दोन रेषा, एक नऊ कॅण्डलची आणि दुसरी एकवीसची. लहान सरासरी मोठीला खालून छेदून वर गेली की खरेदी. वरून खाली आली की आधी विक्री आणि मग स्वस्तात परत खरेदी. भाव आपल्या बाजूने दोन रुपये सरकला की नफा घेऊन बाहेर. विरुद्ध गेला तर सहा रुपयांवर स्टॉपलॉस. म्हणजे जिंकला तर ५०० रुपये, हरला तर १,५००. ज्या दिवशी टार्गेटही लागत नाही आणि स्टॉपलॉसही लागत नाही, त्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास सौदा बंद करावा लागतो. हिशेब सोपा राहावा म्हणून असे दिवस इथे बाजूला ठेवले आहेत.

खोलीतला दुसरा मुलगा बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेला. बाजारात त्याला रस नाही, आकड्यांत आहे.

"वीसपैकी सतरा. आता बोल."

"चांगलं आहे की. पण नाण्याला किती मिळाले असते?"

"नाण्याला? निम्मे. दहा. फार तर अकरा."

"दहा नाही रे. पंधरा."

या लेखाचा सगळा विषय त्या 'पंधरा'त आहे. छापा पडला तर खरेदी, काटा पडला तर विक्री, असे डोळे मिटून घेतलेले सौदे वीसपैकी पंधरा वेळा नफ्यात कसे जातील? नाणं निम्म्या वेळाच बरोबर येतं हे तर लहान मुलालाही ठाऊक असतं.

गोम टार्गेट आणि स्टॉपलॉसच्या अंतरात आहे. भाव आत्ता जिथे आहे तिथून नफ्याची रेघ दोन रुपयांवर आहे आणि तोट्याची रेघ सहा रुपयांवर. भाव वर जाणार की खाली हे कोणालाच माहीत नसेल, तरी जवळची रेघ आधी गाठली जाण्याची शक्यता उघडच जास्त. किती जास्त, तेही काढता येतं. ज्याला बाजाराबद्दल काहीच जास्तीचं कळत नाही, त्याचा सरासरी नफा दलाली वगैरे धरण्याआधी शून्य असला पाहिजे. दोन रुपयांचे नफे आणि सहा रुपयांचे तोटे एकमेकांना पुरे पडायचे तर एका तोट्यामागे तीन नफे हवेत. चारातले तीन, शंभरात पंचाहत्तर. संख्याशास्त्रात हा जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचा प्रश्न म्हणून शिकवतात आणि उत्तर एका ओळीत येतं: जिंकण्याची शक्यता म्हणजे स्टॉपलॉसचं अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज. इथे सहा भागिले आठ.

म्हणजे ७५ टक्के ही चार्टची कमाई नव्हती. दोन आणि सहा हे आकडे निवडले त्या क्षणीच ती ठरली होती. कोणाला ९० टक्के अचूकता हवी असेल तर टार्गेट एक रुपयावर आणा आणि स्टॉपलॉस नऊ रुपयांवर न्या. नाणंसुद्धा ९० टक्के 'अचूक' होईल. कुठल्याही टिप्स देणाऱ्याने फक्त अचूकतेची टक्केवारी सांगितली आणि एका नफ्याचा व एका तोट्याचा सरासरी आकडा सांगितला नाही, तर त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

सांगून पटणाऱ्यांतला हा मुलगा नव्हता. त्याचं म्हणणं असं, की गणित पुस्तकात ठीक आहे, माझ्या शेअरवर करून दाखव. संख्याशास्त्रवाल्याने करून दाखवलं. या प्रयोगात फसगत कुठे होते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून अटी त्याने आधीच लिहून काढल्या. शेअर तोच. सौद्याची वेळ तीच, म्हणजे चार्टने ज्या मिनिटाला सिग्नल दिला तेच मिनिट. नग तेवढेच, टार्गेट आणि स्टॉपलॉसही तेच. बदलायची ती एकच गोष्ट: खरेदी की विक्री हे चार्ट न सांगता नाणं सांगणार. वेळही नाण्याने निवडली असती तर दोन वह्यांमध्ये फरक कशामुळे पडला हे कळलं नसतं. नाणं उडवायचा कंटाळा म्हणून त्याने एक्सेलमध्ये एक ओळ लिहिली आणि ती साठ रकान्यांत खाली ओढली:

```
=IF(RANDBETWEEN(0,1)=1,"BUY","SELL")
```

यात एक बारकी अडचण आहे. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की हे सूत्र नव्याने नाणं उडवतं. उत्तर नावडतं आलं म्हणून नकळत पुन्हा एकदा एंटर दाबला जातो आणि प्रयोग तिथेच संपतो. म्हणून उत्तरं आली की ती कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवायची. भावाचे आकडे त्यानंतरच उघडायचे.

पहिल्या वीस सौद्यांत नाण्याला सोळा नफे मिळाले. चार्टला सतरा.

"एकाने का होईना, मी पुढे आहे," मुलगा म्हणाला. इथे दुसरा प्रश्न येतो. नाण्याची सरासरी वीसपैकी पंधरा असेल, तर निव्वळ नशिबाने सतरा किंवा त्याहून जास्त मिळण्याची शक्यता किती? उत्तर आहे साधारण साडेबावीस टक्के. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने डोळे मिटून वीस-वीस सौदे केले, तर नऊ मुलांच्या वहीत 'वीसपैकी सतरा' किंवा त्याहून चांगली नोंद सापडेल. ते नऊ जण ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतील. बाकीचे एकतीस गप्प बसतील. ग्रुप वाचणाऱ्याला वाटेल, की या वर्गात सगळ्यांनाच बाजार कळला आहे.

आपला मुलगा त्या नऊ जणांतला होता, इतकंच. आपण त्या नऊ जणांत आहोत, की ज्यांना खरंच काही सापडलंय अशा एखाद-दुसऱ्यात, हे वीस सौद्यांवरून त्याला कळणं शक्य नव्हतं. त्याच्या हुशारीचा इथे प्रश्न नाही. वीस हा आकडाच त्या कामासाठी अपुरा आहे.

पुढचे चाळीस सौदे झाले. त्यांत अठ्ठावीस नफ्याचे, बारा तोट्याचे. सत्तर टक्के. ऐकायला अजूनही छान. पण अठ्ठावीस नफ्यांचे चौदा हजार आणि बारा तोट्यांचे अठरा हजार, म्हणजे चार हजारांची खोट. सुरुवातीच्या वीस सौद्यांत जे चार हजार मिळाले होते ते बरोबर तेवढेच परत गेले. साठ सौद्यांचा हिशेब: ४५ नफे, १५ तोटे, साडेबावीस हजार आले, साडेबावीस हजार गेले. नाण्याच्या वहीत ४४ नफे आणि १६ तोटे, म्हणजे दोन हजारांचा तोटा. सूत्र बदलून त्याच साठ वेळांवर आणखी काही फेऱ्या केल्या तर कधी ४७ आले, कधी ४२. साठ सौद्यांत नाणं बहुतेक वेळा ३८ ते ५२ च्या मध्ये कुठेतरी येतं आणि चार्टचे ४५ त्या गर्दीत अगदी मधोमध उभे होते.

आतापर्यंतच्या हिशेबात खर्च धरलेला नाही. सव्वा लाखाच्या एका इंट्राडे सौद्यावर, सवलतीच्या दराने काम करणारा ब्रोकर घेताना वीस आणि विकताना वीस रुपये घेतो असं धरू. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, म्हणजे एकतीस रुपये. त्यावर शेअर बाजाराचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी. सगळं मिळून नव्वद रुपयांच्या आसपास जातं. नव्वद रुपये म्हणजे कँटीनमधला एक बरा नाश्ता, म्हणून मुलाने तो रकाना वहीत ठेवलाच नव्हता. पण साठ सौद्यांचे ५,४०० रुपये झाले. २५ हजारांच्या भांडवलातले पाचातला एक रुपया, आणि तोही कसलीही चूक न करता.

नव्वद रुपये धरले तर समतोलाचा आकडाही बदलतो. आता नुसतं ना नफा ना तोटा राहण्यासाठी पंचाहत्तर टक्के पुरत नाहीत, साडेएकोणऐंशी लागतात. नाण्यापेक्षा साडेचार टक्के जास्त अचूक, आणि तेही दररोज, तेव्हा कुठे शून्य.

हे कल्पित मुलाचं झालं. खऱ्या माणसांचे आकडे 'सेबी'ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या व्यक्तींचा तो अभ्यास होता. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दहापैकी सात जण तोट्यात गेले. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होतं. त्याहून बोलका तपशील असा, की तोट्यात गेलेल्यांनी सौद्यांमध्ये जेवढं गमावलं, त्यावर आणखी ५७ टक्के रक्कम खर्चापोटी भरली. शंभर रुपये बाजारात गेले आणि सत्तावन्न दलाली, कर आणि शुल्कात. नाण्याने खेळणाऱ्यांचा मोठा गट असता आणि त्यांनाही हाच खर्च लावला असता, तर बहुसंख्य तोट्यात हेच चित्र दिसलं असतं. सत्तर टक्के लोक मूर्ख आहेत असं समजण्याची त्यासाठी गरज पडत नाही.

आता मुलाचा खरा आक्षेप. नफा-तोट्याचं राहू दे, तो म्हणतो, पण चार्टवर आकार तर दिसतात ना? चढता कल दिसतो, तळ दिसतो, दोन खांदे आणि मधे डोकं दिसतं. हे डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं?

या आक्षेपाला दिलेलं सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या एका वर्गातलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ बर्टन माल्कीएल यांनी विद्यार्थ्यांकडून एका कंपनीचा चार्ट काढून घेतला. कंपनी अस्तित्वातच नव्हती. शेअर ५० डॉलरवर सुरू झाला. रोज एकदा नाणं उडवायचं. छापा आला तर त्या दिवशीचा बंद भाव अर्धा डॉलर वर, काटा आला तर अर्धा डॉलर खाली. अशा चार्टांत चार्टवाल्यांच्या पुस्तकातले सगळे आकार निघाले. एकात तर उलटं 'हेड अँड शोल्डर्स' तयार होऊन भाव वरच्या रेघेबाहेर पडलेला होता, म्हणजे तेजीवाल्यांचा अगदी लाडका आकार. माल्कीएल यांनी तो चार्ट चार्ट वाचणाऱ्या एका मित्राला दाखवला. मित्राने कंपनीचं नाव विचारलं, कारण शेअर तातडीने घ्यायला हवा होता. नाव नाही, नाणं आहे, हे कळल्यावर त्याला ते फारसं रुचलं नाही. हा किस्सा माल्कीएल यांनी १९७३ साली निघालेल्या 'अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट' या पुस्तकात सांगितला आणि तेव्हापासून तो जगभरच्या वर्गांत फिरतो आहे.

किस्सा म्हणून तो मजेदार आहे, पण शिकण्यासारखं जास्त काही त्याच्या चौदा वर्षं आधीच्या एका लेखात आहे. शिकागो विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये यदृच्छेने निवडलेले आकडे घेऊन बावन्न आठवड्यांचा एक बनावट निर्देशांक तयार केला आणि त्याच्यासोबत १९५६ सालचा खरा डाऊ जोन्स ठेवला. दोन चार्ट समोर ठेवले तर खरा कोणता हे सांगता येत नाही. रॉबर्ट्स यांनी पुढे आणखी एक गोष्ट केली. दोन्हींसाठी त्यांनी दुसरा चार्ट काढला, ज्यात निर्देशांक किती आहे याऐवजी गेल्या आठवड्यापेक्षा किती वाढला किंवा घटला एवढंच होतं. तिथे सगळे आकार गायब. ना डोकं, ना खांदे. नुसती वरखाली विस्कटलेली टोकं.

हे का होतं? भावाचा चार्ट म्हणजे बदलांची चालू बेरीज. कालच्या भावात आजचा बदल मिळवला की आजचा भाव येतो. बदल कितीही बेभरवशाचे असले तरी बेरजेला मागचं सगळं चिकटलेलं राहतं, म्हणून बेरजेची रेघ वळणं घेत, रेंगाळत जाते. वीस वेळा नाणं उडवून छाप्याला एक पाऊल वर आणि काट्याला एक खाली अशी रेघ काढली, तर ती निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली राहील असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरोबर दहा-दहा पावलं वाटली जाण्याची शक्यता फक्त ६ टक्के आहे. पूर्ण वीस पावलं सुरुवातीच्या पातळीच्या एकाच बाजूला काढण्याची शक्यता मात्र ३५ टक्के. म्हणजे दर तीन चार्टांतला एक चार्ट पाहून कोणीही म्हणेल, की काय जबरदस्त कल आहे! कल आहेच. तो घडून गेला आहे. पुढचं नाणं त्याला ओळखत नाही.

आपल्या मुलाच्या दोन सरासऱ्यांचंही तेच. सरासरीची रेषा ही बेरजेवर आणखी एकदा केलेली बेरीज असते, म्हणून ती जास्तच गुळगुळीत दिसते आणि गुळगुळीत रेषेला दिशा असते. दोन रेषा छेदतात तेव्हा भाव अलीकडे वर गेला एवढंच त्या सांगतात. पुढे जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या छेदात असेलच असं नाही.

माणसाची नजर यात किती फसते हे दाखवणारा वर्गातला एक जुना खेळ आहे. हंगेरीतले गणिताचे शिक्षक तामाश वर्गा तो मुलांकडून करून घेत. निम्म्या मुलांनी खरंच नाणं दोनशे वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी न उडवता मनाने लिहायचा. कागद गोळा झाले की शिक्षक एकेक पाहून कोणता खरा आणि कोणता मनाचा हे सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत. युक्ती सोपी होती. मनाने लिहिणारी मुलं सलग चार-पाचपेक्षा जास्त छापे लिहायला धजत नाहीत. त्यांना ते 'नैसर्गिक' वाटत नाही. खऱ्या दोनशे फेकींत सलग सहा किंवा जास्त सारखे पडण्याची शक्यता ९६ टक्के असते. चार्टसमोर बसलेल्याचं नेमकं हेच होतं. सलग सहा हिरव्या कॅण्डल दिसल्या की याच्यामागे कोणीतरी आहे असं त्याला वाटतं.

मग बाजार म्हणजे नाणंच, असं म्हणायचं का? संख्याशास्त्रवाल्या मुलाने तसं म्हटलं असतं तर तोही चुकला असता. नाण्याचं पाऊल नेहमी सारखं असतं, बाजाराचं नसतं. मोठ्या उलथापालथीच्या दिवसांनंतर मोठेच दिवस येतात आणि शांत दिवसांनंतर शांत. हे बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांवरून दाखवलं होतं. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. अर्ध्या-अर्ध्या डॉलरच्या पावलांनी असा दिवस कधीच येत नाही. याचा फटका थेट आपल्या मुलाच्या हिशेबालाही बसू शकतो. त्याचा स्टॉपलॉस सहा रुपयांवर आहे, पण वाईट बातमी आली आणि भावाने मधल्या पायऱ्या गाळून एकदम चौदा रुपये खाली उडी मारली, तर सौदा चौदावर बंद होतो. सहा भागिले आठ हे सूत्र भाव एकेक पायरी चढतो-उतरतो असं धरून चालतं. लांबचा स्टॉपलॉस ठेवणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात सूत्रापेक्षा थोडं वाईटच येतं.

दिशेच्या बाबतीतही नाण्याचा नियम अगदी काटेकोर नाही. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअरवर दाखवलं, की गेल्या तीन ते बारा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त वाढलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने थोडे पुढे राहतात. हा परिणाम महिन्यांच्या पट्टीवरचा आहे आणि शेकडो शेअर एकत्र घेतल्यावर दिसणारा. एका शेअरच्या पंधरा मिनिटांच्या कॅण्डलला त्याचा आधार देता येत नाही, पण आधार देणारे भरपूर भेटतात.

सगळ्यात मनोरंजक काम २००० सालचं आहे. अँड्र्यू लो, हॅरी मामायस्की आणि जियांग वँग यांनी 'हेड अँड शोल्डर्स' कशाला म्हणायचं याची व्याख्या संगणकाला कळेल इतकी नेमकी केली. चार्टवाल्या दोन माणसांचं एका आकारावर एकमत होईलच असं नसतं, म्हणून ही पायरी आवश्यक होती. मग त्यांनी १९६२ ते १९९६ या काळातल्या अमेरिकी शेअरमध्ये असे आकार मोजले आणि यदृच्छेने बनवलेल्या बनावट भावांमध्येही मोजले. खऱ्या भावांत हा आकार बनावटीपेक्षा पुष्कळ जास्त वेळा सापडला. काही आकारांनंतरच्या भावाच्या हालचालीत थोडीफार माहितीही होती. माल्कीएल यांच्या मित्राला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण त्याच लेखकांनी हेही लिहिलं, की माहिती असणं आणि खर्च वजा जाता नफा होणं या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्या मुलाला हा फरक नव्वद रुपयांच्या रूपात भेटून गेला होता.

म्हणजे चार्टमध्ये काही असूही शकतं. प्रश्न ते आहे की नाही हे कळायला किती सौदे लागतील याचा आहे. समजा, मुलाच्या सिग्नलमध्ये खरंच दम आहे आणि तो शंभरात ऐंशी वेळा बरोबर येतो, म्हणजे खर्च भागवून किंचित वर. नाण्याचे पंचाहत्तर आणि त्याचे ऐंशी हा फरक नशिबाच्या चढउतारातून जेमतेम ओळखू येण्यासाठी तीनशेच्या आसपास सौदे लागतात. रोज एक सौदा धरला तर वर्षाहून जास्त, कारण बाजार वर्षात सुमारे अडीचशे दिवसच उघडा असतो. आणि या काळात पद्धत बदलायची नाही. नऊ-एकवीसच्या ऐवजी पाच-वीस, मग त्यात आरएसआय, मग पंधराऐवजी पाच मिनिटांची कॅण्डल असं करत वीस पद्धती तपासल्या, तर त्यांतली एक-दोन निव्वळ योगायोगाने चमकणारच. ती एक उचलून बाकीच्या विसरल्या, की नाण्याच्या चाळीस जणांतले नऊ पुन्हा निवडले गेले, या वेळी एकाच माणसाच्या लॅपटॉपवर.

शेवटी मुलाने विचारलं, की मग उलटं केलं तर? टार्गेट सहा रुपये, स्टॉपलॉस दोन. नफा १,५००, तोटा ५००. संख्याशास्त्रवाल्याने कागदावर चार आकडे मांडले. नाणं आता शंभरात पंचवीस वेळा जिंकणार आणि नव्वद रुपयांचा खर्च भागवायला साडेएकोणतीस वेळा जिंकावं लागणार. फरक पूर्वीएवढाच, साडेचार टक्के. बदलतं ते अंगावर येणारं चित्र. साठ सौद्यांत कुठेतरी सलग नऊ तोटे येण्याची शक्यता आता निम्म्याहून जास्त.

मुलाने ही पद्धतही चालवून पाहिली, या वेळी कागदावर, पैसे न लावता. पहिल्या सात सौद्यांत सात तोटे आले. त्याने ती भिकार म्हणून सोडून दिली. नाण्याच्या वहीत त्याच सात दिवसांत एक नफा होता आणि पद्धत सोडू नये असं नाण्याला वाटायचं कारण नव्हतं, म्हणून त्याची वही साठाव्या सौद्यापर्यंत भरली गेली: चौदा नफे, शेहेचाळीस तोटे, दोन हजारांचा तोटा आणि वर ५,४०० खर्च.